उमेदवार गप्प झाला की शेवटचा मेसेज काय करता? अनुभव सांगा

मुलाखत होते, पगार ठरतो आणि उमेदवार उत्तर देणंच थांबवतो. मराठवाड्यात भरती करणाऱ्यांनी सांगा, फाईल बंद करताना काय लिहिता? त्याला पुढं परत येता यावं, हे महत्त्वाचं.

वाळूज, एचआर: पैठणकडचा एक व्हीएमसी ऑपरेटर. ट्रायलला जॉब सेटिंग झकास केलं, पगार ठरला. कागदपत्रं मागितली आणि माणूस गायब. कॉल उचलेना, मेसेजवर निळ्या टिका. शेवटी हे पाठवलं:

'दादा, नमस्कार. व्हीएमसी ऑपरेटरच्या जागेबद्दल तुमचा निरोप आला नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी फाईल बंद करून जागा दुसऱ्याला देते. कारण सांगायची गरज नाही. तुमची ट्रायल पास आहे, ती नोंद राहील. पुढं यावं वाटलं तर याच नंबरवर नुसतं "चालू करा" लिहा. जागा असली तर ट्रायल परत घेणार नाही. पगार तेव्हाच्या हिशोबानं ठरेल.'

शुक्रवार गेला, जागा दुसऱ्याला दिली. दिवाळी झाल्यावर मेसेज आला, 'ताई, चालू करा.' सोयाबीनच्या काढणीत अडकला होता आणि नाही म्हणायचा संकोच वाटत होता. म्हणून 'कारण सांगायची गरज नाही' हे वाक्य मी कधीच गाळत नाही. माणूस शरमेपोटीच परत येत नाही. आणि 'जागा ठेवते' असं कधी लिहू नका, ते आपल्या हातात नसतं.

जालना, रोलिंग मिल: आम्ही सरळ लिहितो, 'आज उत्तर नाही तर कायमचे बाद.' धडाधड उत्तरं येतात.

वाळूज, एचआर: येतात हो, पण त्यातले रुजू किती होतात? भीतीनं 'येतो' म्हणणारा हजेरीच्या दिवशी पुन्हा फोन बंद करतो. तारीख हवीच, ते तुमचं बरोबर. 'कायमचे' तेवढं काढा. सहा महिन्यांनी तुम्हालाच तो माणूस लागेल.

लातूर: माझं उलटं झालं. तीन फेऱ्या घेतल्या आणि कंपनीनंच उत्तर दिलं नाही. त्याचं काय?

नांदेड, भरती सल्लागार: लातूरकर, तुमचा राग रास्त आहे, पण इथं विषय उमेदवार गप्प होण्याचा चाललाय. वरच्या मेसेजात एक भर घालतो. ऑफर लेटर दिलेलं असेल तर नुसतं 'फाईल बंद' चालत नाही. 'अमुक तारखेचं ऑफर लेटर अमुक तारखेपासून लागू राहणार नाही' असं ईमेलवर स्पष्ट लिहा आणि व्हॉट्सॲपवर ईमेल बघायला सांगा. नाहीतर तो तिकडं राजीनामा देऊन नोटीस पिरियड भरत बसलेला असतो आणि एक दिवस बॅग घेऊन गेटवर उभा राहतो.

बीड: नंबरच बदलला असेल तर? अर्जावर भावाचा नंबर असतो. मी त्यावर फोन करते.

वाळूज, एचआर: मी नाही करत. नोकरी शोधतोय हे घरी सांगितलेलं नसतं कित्येकदा.

बीड: आमच्याकडं अर्धे फोन भावाच्याच नावावर. मग निरोप पोचवायचा कसा?