मदत हवी आहे: रस ऑम्लेटचं दुसरं दुकान म्हापशात, फ्रँचायझी द्यावी की स्वतः शाखा काढावी?

फोंड्याची_सून
नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचं रस ऑम्लेट आणि शाकुती-पावचं छोटं दुकान आहे, संध्याकाळी 5 ते रात्री 11. दिवसाला 150 च्या आसपास प्लेटी जातात, प्लेट 100 रुपये, महिन्याला 26 दिवस चालू. आता म्हापशातले एक गृहस्थ त्यांच्या स्वतःच्या जागेत आमच्या नावाने दुकान काढायचं म्हणतात. एकदाच 5 लाख आणि दर महिन्याच्या विक्रीवर 6 टक्के देतील. दुसरा पर्याय म्हणजे म्हापशातच भाड्याची जागा घेऊन आम्ही स्वतः काढायचं. डिपॉझिट, शेगडी, फ्रिज, बाकं सगळं धरून 9 लाखांचा अंदाज आहे.

पैशांचा हिशेब थोडाफार कळतो. हातातून काय सुटेल तेच कळत नाही. वाटप सासूबाई करतात, खोबरं त्याच भाजतात. नावाची नोंदणी अजून केलेली नाही. जाणकारांनी सांगावं.

पर्वरीकर
5 लाख देण्याआधी कंपनीकडून आधीच्या तीन दुकानांचे वर्षभराचे आकडे मागा. जाहिरातीतला परतावा धरू नका, जीएसटीची विवरणपत्रं बघा. आणि आपल्या परिसरात ते दुसरं दुकान देणार नाहीत हे लिहून घ्या.

फोंड्याची_सून
दादा, आम्ही फ्रँचायझी घेत नाही, देतो आहोत.

पर्वरीकर
माफ करा, घाईत वाचलं. पण मग हेच सगळं तो माणूस तुमच्याकडे मागेल. फोंड्याचे महिन्यावार आकडे तयार ठेवा, जून ते सप्टेंबरचे वेगळे.

हिशेबवही
पर्वरीकरांनी पावसाळा काढला ते बरं झालं, कारण गुणवत्ता कधी घसरते ते तिथेच दिसतं. ताई, करार बघण्याआधी समोरच्याचा हिशेब मांडा.

म्हापशात चांगल्या महिन्यात 4 लाखांची विक्री धरा. कोंबडी, अंडी, पाव, वाटप मिळून 1,44,000. चार माणसांचा पगार 72,000. जागा त्याची असली तरी भाडं 35,000 धरायचंच, कारण दुसऱ्याला दिली असती तर तेवढं आलंच असतं. गॅस आणि वीज 28,000, पार्सलचे डबे आणि किरकोळ 16,000. उरले 1,05,000. त्यातून तुमचे 6 टक्के म्हणजे 24,000, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 4,320. रेस्टॉरंट 5 टक्क्यांत असलं की हा कर त्याला वळता करून मिळत नाही, तो त्याचा खर्चच. हातात 76,680.

आता जुलै. विक्री 2,50,000. माल 90,000, पगार आणि भाडं तेवढंच, गॅस-वीज 22,000, किरकोळ 12,000. उरले 19,000. तुमची रॉयल्टी आणि कर 17,700. त्याच्या हातात 1,300 रुपये. त्या महिन्यात तो माणूस कितीही सज्जन असला तरी रसात पाणी वाढतं, नाहीतर बिलं कमी फाटतात. म्हणून जून ते सप्टेंबर रॉयल्टी निम्मी ठेवा, आणि किमान रकमेची अट तर घालूच नका.

स्वतःची शाखा काढलीत तर त्याच 1,05,000 मधून सांभाळणाऱ्या माणसाचे 25,000 गेले, तुमच्याकडे 80,000. जुलैत 6,000 खिशातून. म्हणजे चांगल्या महिन्यात फ्रँचायझीपेक्षा 56,000 जास्त, पण 9 लाख तुमचे अडकतात आणि रोज रात्री गल्ला कोण मोजणार हा प्रश्न उरतो.

अजून एक. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहात का? असाल तर रेस्टॉरंट सोडून इतर सेवांचं उत्पन्न मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख, यातलं जे जास्त असेल त्याच्या आत राहावं लागतं. तुमची उलाढाल 46-47 लाख, म्हणजे मर्यादा 5 लाख. पहिल्या वर्षी 5 लाख फी आणि त्यावर रॉयल्टी, मर्यादा ओलांडलीच. कंपोझिशनमधून बाहेर पडावं लागेल. सही करण्याआधी सीएला विचारा.

फोंड्याची_सून
हो, कंपोझिशनमध्येच आहोत. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मांडवीकाठ
एवढं घाबरायचं कारण नाही. करारात एक कलम टाका: करार संपल्यावर 3 वर्षं त्याने गोव्यात रस ऑम्लेट विकायचं नाही. स्टॅम्पपेपरवर घेऊन नोटरी करा, म्हणजे कंट्रोल तुमच्याकडे. आणि ट्रेडमार्कचा अर्ज करा, हे तर हवंच.

हिशेबवही
ट्रेडमार्कचं अगदी बरोबर. वर्ग 43 खाण्याच्या सेवेसाठी आणि मसाला विकणार असाल तर वर्ग 30. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला दर वर्गाचे 4,500 रुपये. नाव कधीपासून वापरता त्याचा पुरावा जोडा: जुनी बिलं, अन्न परवाना, पाटीचे जुने फोटो. नावात नुसतं गावाचं नाव आणि पदार्थाचं नाव असेल तर ते सहसा मिळत नाही, तेव्हा स्वतःचा वेगळा शब्द असलेलं नाव बघा. अर्ज आधी, करार नंतर.

तीन वर्षांच्या कलमावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, सगळं 1872 च्या करार कायद्यावर चालतं, आणि त्याचं कलम 27 धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवतं. करार चालू असताना 'दुसरीकडे असंच दुकान काढू नकोस' ही अट टिकते. करार संपल्यानंतरची टिकत नाही, नोटरी केली तरी. तो पाटी उतरवेल, तुमचं नाव पुसेल आणि त्याच जागेत, त्याच शेगडीवर दुसऱ्या दिवशी रस ऑम्लेट विकायला बसेल. जागा त्याची आहे हे विसरू नका. गिऱ्हाईक जागेवर येतं.

टिकतं ते नाव, आणि गुपित राखण्याची अट. म्हणजे गुपित हे गुपितच असायला हवं. वाटपाची कृती त्याला शिकवलीत तर तुमच्या हातात फक्त पाटी उरली.

तीन_गाडे
मी डिचोली-साखळी भागातला. भाजी-पावचे तीन गाडे, तिन्ही स्वतःचे, फ्रँचायझी दिलेली नाही. माझं म्हणणं, शाखा काढली तरी कंट्रोल जातोच, फक्त तो आपल्याच माणसाकडे जातो. दुसऱ्या गाड्यावर चांगला माणूस पाठवला की पहिल्याची चव बसते. तुमच्याकडे सासूबाई एकच आहेत. मी तिन्ही ठिकाणी मुख्य आचाऱ्याला पगार अधिक नफ्यातला 20 टक्के वाटा देतो, रोज रात्री कांदे आणि पाव मोजून घेतो. पोदेराने किती पाव टाकले आणि किती उरले, यावरून विक्री कळते. बिलाच्या मशीनपेक्षा पाव खरं बोलतात.

हिशेबवही
पावांचं तीन_गाडे यांनी नेमकं सांगितलं. रस ऑम्लेटला हीच मोजणी वाटपावर आणखी पक्की बसते. ताई, एक किलो वाटपातून रस किती निघतो?

फोंड्याची_सून
पाच लिटर. प्लेटला डावभर, मोजलं तर 150 मिली.

हिशेबवही
म्हणजे हिशेबाने 33 प्लेटी. सांडणं आणि तळाला राहणं धरून 30 पकडा. महिन्यात 120 किलो वाटप दिलंत तर 3,600 प्लेटी व्हायला हव्यात. त्याच्या मशीनवर 2,900 दिसल्या तर बिलं लपतात. 4,500 दिसल्या तर रस पातळ होतो आहे किंवा तो बाजारचा मसाला मिसळतो आहे. एकाच आकड्यावरून दोन्ही चोऱ्या कळतात, तपासायला म्हापशाला जावंही लागत नाही. फ्रँचायझीत तुमच्या हाती राहणारा खरा कंट्रोल हा एवढाच. माणूस कोण ठेवायचा, किती वाजता उघडायचं, ओटा किती स्वच्छ, हे सगळं करारात लिहाल, पण रोज घडेल त्याच्या मर्जीने.

म्हणून वाटप जवळपास खर्चाच्या भावात द्या आणि कमाई रॉयल्टीत ठेवा. वाटप महाग केलंत की पातळ करायला तुम्हीच त्याला कारण दिलंत.

मांडवीकाठ
कलम 27 बद्दल आभार, मला माहीत नव्हतं. पण हे शेवटचं पटत नाही. रॉयल्टी ठेवली की महिन्याच्या महिन्याला बिलांचा वाद. सगळी कमाई वाटपावर घ्या, रॉयल्टी शून्य. कंपोझिशनची अडचणही कमी होईल.

हिशेबवही
वाद कमी होतील हे खरं. चव कोण राखणार हे मला त्यात दिसत नाही. आणि वाटप विकणं म्हणजे उत्पादन, त्याचा अन्न परवाना दुकानापेक्षा वेगळ्या प्रकारचा लागतो. स्वतःच्या शाखेला पाठवलं तर एकाच जीएसटी नोंदणीत ती विक्री होत नाही, म्हापशाची जागा फक्त नोंदणीत वाढवायची. अन्न परवाना मात्र तिथला वेगळाच काढावा लागतो.

फोंड्याची_सून
पण ओल्या खोबऱ्याचं वाटप म्हापशाला रोज पोचवायचं कसं? उन्हाळ्यात आमच्याकडेच दुपारपर्यंत आंबूस वास येतो.

हिशेबवही
दोन वाटा आहेत. वाटप वाटल्याबरोबर पसरट डब्यात, तीन-चार बोटं जाडीचं ठेवून गार करा. खोल पातेल्यात ठेवलं की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि वास तिथूनच सुरू होतो. मग 5 अंशांखाली ठेवून बर्फाच्या पेटीत पाठवा, दोन दिवसांत संपवा. दुसरी वाट म्हणजे कोरडा मसाला, खसखस, बाद्यान, जायपत्री, मिरची सगळं भाजून-दळून सीलबंद द्यायचं, खोबरं तिथे भाजून त्यात वाटायचं. हे टिकतं, पोचवायला सोपं. पण खोबरं कुठवर भाजायचं हे मग त्याच्या हातात. लवकर उतरवलं तर रस फिका आणि गोडसर होतो, जास्त भाजलं तर मागाहून कडवट लागतो. आणि हे प्लेटींच्या मोजणीत कधीच दिसणार नाही.

तीन_गाडे
ताई, सासूबाईंचं भाजणं दुसऱ्या कुणाला येतं का? फ्रँचायझी असो की शाखा, आधी एका माणसाला सहा महिने त्यांच्या शेजारी उभं करा.

फोंड्याची_सून
माझ्या नणंदेला येतं. म्हापशालाच दिली आहे तिला. तिलाच वाटा देऊन शाखा काढावी असं आता वाटतंय, पण 9 लाख एकदम उभे करणं कठीण आहे, आणि त्या गृहस्थांना आम्ही आठवडाभरात कळवतो म्हटलंय. ट्रेडमार्कचा अर्ज या आठवड्यातच करते. हिशेबवही, ते गृहस्थ पैसे आणि जागा घालतील, चालवू आम्ही, असं होऊ शकतं का? सगळ्यांना देव बरें करूं.

हिशेबवही
होऊ शकतं. मग माणसं, वाटप आणि गल्ला तुमच्याकडे राहतो. त्यांना महिन्याला ठरावीक रक्कम हवी की नफ्यातला वाटा, हे आधी विचारा. ठरावीक म्हणाले तर वरचा जुलैचा हिशेब तुमच्या नावावर पुन्हा मांडून बघा, आणि किती वर्षांनी ते जागा परत मागू शकतात तेही विचारा. गुगलवरची दुकानाची नोंद आणि पार्सल ॲपचं लॉगिन स्वतःच्या ईमेलवरच उघडा, त्यांच्या नाही.