अनुभव धागा: रेसिपीचा फोटो गायब, पाहुणे 35, मसालेभाताचं प्रमाण कसं काढता?

खमंग_काकडी: सासूबाईंच्या वहीतल्या मसालेभाताच्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, फोन बदलताना तो गेला आणि वही आता नणंदेकडे परदेशात. एवढंच आठवतंय की 8 माणसांना 3 वाट्या तांदूळ आणि वाटीमागे एक चमचा गोडा मसाला. रविवारी पूजा आहे, 35 माणसं, सोबत पुरी, बटाट्याची भाजी, शिरा, कोशिंबीर. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते लिहा, मला रेसिपी नकोय, हिशोब हवाय.

उंटावरून_शेळ्या: सोप्पंय की, 35 भागिले 8 म्हणजे 4.4 धरा, सगळं त्याने गुणा. तांदूळ, पाणी, मसाला, तेल, मीठ, विषय संपला.

गच्चीवरचा_माळी: गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघितलं का? बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर 60 दिवस तिथे राहतो. माझे लग्नाचे फोटो असेच मिळाले.

खमंग_काकडी: बघितलं हो, बॅकअपच नव्हता. 🙁

पातेलेवाली: मी गणपतीत आणि डोहाळजेवणांना ऑर्डरी घेते त्यामुळे हे रोजचं आहे. गुणाकार तांदळाला चालतो, पाण्याला नाही. 3 वाट्यांचे 13 वाट्या झाले. तुमची वाटी नेहमीची दीडशे मिलीची असेल तर तेवढा तांदूळ साधारण 1600 ग्रॅम भरतो, म्हणजे माणशी 45 ग्रॅम. पुरीभाजी असेल तर मी माणशी 50 धरते, नुसता भात-मठ्ठा असेल तर 80 च्या खाली येत नाही, त्यामुळे तुमची आठवण बरोबर दिसतेय. वाटीवर विसंबू नका मात्र, एकदा 1 वाटी तांदूळ काट्यावर ठेवा, घरातल्याच दोन वाट्या सारख्या नसतात.

आता पाणी. घरी 3 वाट्यांना 6 घालतो कारण छोट्या पातेल्यात बरंच वाफेवर जातं. मोठ्या पातेल्यात तेवढ्या प्रमाणात जात नाही, 26 वाट्या घातल्या तर खालचा भात गिच्च होणार. 22 वाट्या उकळतं घाला आणि 4 वाट्या शेजारच्या गॅसवर गरम ठेवा. भाताला भोकं पडून पाणी दिसेनासं झालं की मधलं शीत दाबून बघा, कणी लागली तर कडेकडेने थोडं सोडा, झाकण घाला, गॅस बारीक. तांदूळ जुना असेल तर ते चारही लागतील, नवा असेल तर एखादी पुरते. आणि एकाच उंच पातेल्यात करू नका, दोन पसरट घ्या. उंच थरात खालचा लागतो आणि वरचा कच्चा राहतो, मग ढवळाढवळ आणि शितं मोडतात.

उंटावरून_शेळ्या: बरं, पाण्याचं मान्य. पण मिठाला तरी गुणाकारच ना?

पातेलेवाली: मीठ मोजून पाऊणच घाला, मग उकळलेलं पाणी भाज्यांसकट चाखा. आमटीपेक्षा जरा खारट लागलं पाहिजे, तांदूळ ते ओढून घेतो. आमटीइतकंच लागलं तर भात अळणी होणार.

हळदीकुंकू_पुणे: मसाल्याचं मी सांगते, 13 चमचे घालायचे नाहीत, 9 पुरतात. मोठ्या भांड्यात मसाला जास्त चढतो, आमचे आचारी असंच म्हणायचे.

नागपूरची_भाची: मला हे पटत नाही ताई. तांदूळ 13 वाट्या तर गोडा मसाला पण 13 चमचे, नाहीतर नुसता पिवळा भात होतो. लवंग, हिंग, तिखट कमी करा, ते खरंच पुढे येतं. आमच्याकडे वाढणीत तिखट पूर्ण पटीत घातलेलं, लहान मुलं दह्यावर जेवली.

पातेलेवाली: मी 10 घालते आणि उरलेला थोड्या गरम तेलात परतून वरून सोडते, लागला तरच. तेल मात्र पटीत नको, फोडणी भिजण्यापुरतं, नाहीतर ताटात तवंग येतो. कुणाचं बरोबर हे तुमचा मसाला घरचा ताजा की दुकानचा यावर आहे.

दोनवेळचा_चहा: आमची आजी माणसं मोजायचीच नाही, पानं मोजायची, दोन पोरांचं एक पान. 35 मध्ये मुलं किती?

खमंग_काकडी: अरे हो, 9 मुलं आहेत. म्हणजे 30-31 पानंच झाली, तांदूळ साडेअकरा वाट्या. पण रात्रीला उरलेला घरच्यांना लागेल म्हणून 13 च ठेवते. तोंडली आणि मटार किती घेऊ?

पातेलेवाली: तोंडली पाऊण किलो, मटार सोललेला पाव किलो. तोंडली उभी चिरून फोडणीतच अर्धी शिजवा, पाण्यात टाकून शिजायची वाट बघू नका.

गच्चीवरचा_माळी: शिऱ्याला पण असंच कमी करायचं का? आमच्याकडे पूजेला सव्वा किलो रवा असतो.

हळदीकुंकू_पुणे: नाही हो, प्रसादाला रवा, तूप, साखर सव्वापटीत सारखंच, तिथे काटछाट नाही. दूध गरम घाला, गार घातलं की गुठळ्या.

नागपूरची_भाची: सव्वा किलो रवा 35 जणांना?? मुठीत प्रसाद देणार की ताटात वाढणार ते आधी ठरवा.