स्टेरॉइडआधी आयव्हरमेक्टिन: सरसकट द्यायचं की तपासून?

नवा_रेसिडेंट: बरेच दिवस मोठ्या डोसचं स्टेरॉइड द्यायचं असेल, तर स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या जंतासाठी आधी सगळ्यांनाच आयव्हरमेक्टिन द्यावं का? शौच तपासणी निगेटिव्ह आणि इओसिनोफिल नॉर्मल असतील तर विषय संपला ना?

काचपट्टी: तिथेच तर फसगत होते. एक केस सांगते. दम्याचा रुग्ण, काही आठवडे रोज 40 मिग्रॅ प्रेडनिसोलोनवर. घरघर वाढली म्हणून डोस वाढवला. पोट फुगलं, ते गोळ्यांच्या खाती गेलं. मग ताप आला, रक्तात ई. कोलाय सापडला. अँटिबायोटिकने ताप उतरला आणि थोड्याच दिवसांत तोच जंतू मेंदूज्वर घेऊन परतला. टीबीसाठी आलेली थुंकी मी सहज ओल्या स्लाइडवर पाहिली, तर अळ्या वळवळत होत्या. घरघर त्यांचीच होती! इओसिनोफिल शून्य, कारण स्टेरॉइड त्यांनाच आधी खाली आणतं.

या जंताच्या अळ्या आतड्यातच पक्व होऊन भिंत भेदतात आणि सोबत आतड्यातले जीवाणू नेतात. बाहेरून पुन्हा लागण न होताही तो दशकानुदशके टिकतो, तो याच चक्रामुळे. एरवी शरीर त्याला आवरून धरतं, स्टेरॉइडवर तो लगाम सुटतो.

साधासरळ: एवढा घोळ कशाला? अल्बेंडाझोल 400 ची एक गोळी द्या. आणि जंत असले तर शौचात अंडी दिसतातच.

काचपट्टी: जंताचं औषध हवं, हे बरोबर. पण या जंताची अंडी आतड्यातच फुटतात, शौचात अळ्या येतात आणि त्याही रोज नाही. एका नमुन्यावर भरवसा नको. अल्बेंडाझोलची एक गोळी इथे पुरत नाही.

मुलगी_७२: आईला सांधेदुखीसाठी रोज 5 मिग्रॅ चालू आहे. अंगाला खाज असते. आजच बंद करू का?

काचपट्टी: अचानक मुळीच नको, ते वेगळंच संकट. कंबरेखाली, मांडीवर लाल वळवळती रेघ उठून काही तासांत पुढे सरकते का, ते बघा आणि तिच्या डॉक्टरांना सांगा.

आधी_तपास: सरसकट मला पटत नाही. ज्याचा धोका आहे त्याची सेरॉलॉजी करा. लोआ लोआ हा दुसरा जंत असलेल्या भागात राहिलेल्याला आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर बेतू शकतं.

काचपट्टी: लोआचा मुद्दा मान्य, ते विचारायलाच हवं. पण तीस वर्षांपूर्वी अनवाणी कुठे फिरलो, हे कोणाला आठवतं? आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांत सेरॉलॉजीही खोटी निगेटिव्ह येते. स्टेरॉइड तातडीचं असेल तर मी रिपोर्टची वाट पाहणार नाही, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम देऊन टाकेन.

आधी_तपास: तातडीचं असेल तर मीही देईन. पण आठवडाभराची सवड असेल तर आधी रक्त पाठवेन. आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा का, यावर आमच्याच युनिटमध्ये दोन तट आहेत.