साबणाची दरवाढ

"खोबरेल महागलं, ९० ची वडी ११० ला करायचीय. फॉलोअर्स नाराज न होता कसं सांगू?"

ताई, कोल्ड प्रोसेसची वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याचाच फायदा घ्या. आत्ता फळीवर आहेत त्या जुन्या भावाच्या तेलाच्या, त्या जुन्याच दरात द्या. मी लिहिलं होतं: "फळीवरच्या १४० वड्या ९० लाच. त्या संपल्या की नवी बॅच ११० ला. खोबरेल महागलंय, प्रमाण तेच." नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर कळवलं.

गुपचूप १०० ग्रॅमची वडी ८५ ची मात्र करू नका. मी केली होती. एका काकूंनी काट्यावरचा फोटोच पाठवला. (वडी मुरताना थोडी हलकी होतेच, पण हे तसं नव्हतं!)