आवाजाला चार-चार पट्ट्या कशाला?

माळावरचा: मीडियाचा आवाज वेगळा, रिंगचा वेगळा, कॉलचा वेगळा, अलार्मचा वेगळा. रेडिओला एक बटण होतं, सगळ्यांना कळायचं. आमच्या बाबांचा फोन वाजतच नाही, दर वेळी कुठली तरी पट्टी खाली गेलेली असते. एकच पट्टी ठेवा आणि विषय संपवा.

रातराणी: अजिबात नको! माझी नाइट ड्यूटी असते. दिवसा झोपताना रिंग बंद आणि अलार्म पूर्ण, असं मला रोज लागतं. एकच पट्टी झाली तर एक तर कर्जवाल्यांचे फोन झोपू देणार नाहीत, नाही तर अलार्म उठवणार नाही. दुसऱ्याची गरज काय आहे ते विचारा तरी.

मोबाइल_गल्ली: बाबांची तक्रार आमच्या दुकानात सारखी येते. घोळ पट्ट्यांचा नाही, बाजूच्या बटणाचा आहे. त्या क्षणी जे चालू असेल त्याचा आवाज ते बटण बदलतं: कॉलवर असाल तर कॉलचा, व्हिडिओ चालू असेल तर मीडियाचा. काहीच चालू नसताना काय बदलायचं, यावर कंपन्यांचं एकमत नाही. गुगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ पासून तिथे मीडिया ठेवला, त्याआधी रिंग असायची. सॅमसंगमध्ये ते सेटिंगवर अवलंबून असतं.

आता बघा काय होतं. कीर्तनाचा व्हिडिओ एकदम मोठ्याने लागेल म्हणून बाबा आधीच बटण खाली दाबतात. व्हिडिओ सुरू झालेला नसतो, त्यामुळे रिंग उतरत उतरत व्हायब्रेटवर जाते. कीर्तन मोठ्यानेच लागतं आणि संध्याकाळी तुमचा फोन त्यांना ऐकू येत नाही. बटण दाबल्यावर स्क्रीनवर जी पट्टी येते तिच्यावरचं चित्र बघा. घंटा किंवा फोन दिसला तर रिंग, संगीताची खूण दिसली तर मीडिया. सॅमसंग असेल तर Settings, Sounds and vibration, Volume इथे जाऊन `Use Volume keys for media` चालू करा. मग काही चालू नसताना बटणाने रिंगला धक्का लागत नाही.

अण्णा_वाईकर: एवढी उठाठेव करण्यापेक्षा आयफोन घ्या. तिथे या भानगडी नाहीत.

रातराणी: अण्णा, अर्धंच बरोबर. आयफोनवर रिंग आणि अलार्म एकाच पट्टीवर आहेत. माझ्या मैत्रिणीने झोपायला रिंग कमी केली आणि अलार्मही कुजबुजला. तिथे पट्टी वर ठेवून फोन सायलेंट करायचा, अलार्म तरीही वाजतो. आणि Sounds & Haptics मध्ये `Change with Buttons` बंद केलं की बटणाने ती पट्टी हलत नाही.

अण्णा_वाईकर: बरं, पट्टी सामाईक आहे हे मान्य. पण फोन चांगलाच आहे.

सुगंधा_ताई: माझ्या आईला कॉलवर समोरच्याचं ऐकूच येत नाही हो. सगळ्या पट्ट्या पूर्ण वर केल्या.

मोबाइल_गल्ली: ताई, कॉल चालू असताना वाढवला का? शिवाय कानाला लावलेल्या फोनचा, स्पीकरचा आणि ब्लूटूथचा कॉल-आवाज फोन वेगवेगळा लक्षात ठेवतो. स्पीकरवर वाढवलेला कानाशी वाढत नाही. फोन कानाजवळच्या आवाजावर असताना, म्हणजे स्पीकर न लावता, बटण वर दाबा.

अण्णा_वाईकर: सरळ कान तपासून घ्या. या वयात दुसरं काय असणार?

सुगंधा_ताई: आईला टीव्ही नीट ऐकू येतो, स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देते. म्हातारं माणूस दिसलं की बहिरं ठरवून मोकळे व्हायचं, ही कुठली पद्धत?

अण्णा_वाईकर: माझे वडीलही असंच म्हणायचे. यंत्र लावलं तेव्हा कुठे नातवंडांशी बोलायला लागले. तोवर घरातले सगळे ओरडून बोलत होते. म्हणून सांगतोय, हिणवायला नाही.

मोबाइल_गल्ली: भांडू नका, आधी परीक्षा करा. तोच कॉल स्पीकरवर घ्या. स्पष्ट आला आणि कानाशी पुसट राहिला, तर वरच्या जाळीत बहुतेक कचरा बसलाय. कोरड्या मऊ ब्रशने हलके झाडा, पिन घालू नका. दोन्हीकडे पुसट असेल तर मग नेटवर्क किंवा कान.

माळावरचा: सॅमसंगच आहे, सेटिंग केलं. बाबांचा फोन वाजतोय, तेवढं श्रेय देतो. पण ज्येष्ठांच्या फोनला हे कंपनीने आधीच चालू करून द्यायला हवं, मुलाने शोधत का बसायचं?

रातराणी: यावर माझं दुमत नाही. पण पट्ट्या मात्र राहू द्या. अँड्रॉइड १४ ने तर रिंग आणि नोटिफिकेशनही वेगळे केले. ग्रुपच्या मेसेजांचा टणटणाट बंद आणि वॉर्डचा फोन चालू, हे मला त्यामुळेच जमतं.

माळावरचा: म्हणजे आता पाच. बाबांना हे समजावायला तुम्हीच या.

सुगंधा_ताई: जाळी झाडली. स्पीकरवर स्पष्ट, कानाशी आधीपेक्षा बरं, पण पूर्ण नाही. अण्णा, कानाच्या डॉक्टरचं आईशी बोलून बघते. पण ती बहिरी नाही, हे परत सांगते.