दोरी कापली त्या क्षणीचा ताण

> "एक दोरी कापल्यावर उरलेलीवर सगळं वजन येईल ना? मग T = mg का नाही?"

नाही, दोन उभ्या दोऱ्यांनी आडवी टांगलेली दांडी असेल, तर एक दोरी कापताच उरलेलीतला ताण उलट निम्मा होतो. दांडी आता स्थिर नाही. ती खाली येता येता फिरू लागते. दोऱ्या दोन्ही टोकांना आणि दांडी एकसारखी धरा. दांडीची लांबी L, मध्यबिंदूचं त्वरण a आणि कोनीय त्वरण α असेल तर `mg − T = ma`. मध्याभोवती टॉर्क घेतला की `T·L/2 = (mL²/12)·α`.

खरी मेख तिसऱ्या समीकरणात आहे. दोरी ताणत नाही, म्हणून बांधलेल्या टोकाला त्या क्षणी उभं त्वरण नसतं: `a = α·L/2`. हे दुसऱ्यात घातलं की `T = ma/3`, म्हणून `a = 3g/4` आणि `T = mg/4`.

2 किलोची दांडी, `g = 10` घेतलं तर ताण 10 न्यूटनवरून एकदम 5 वर येतो. सुटलेलं टोक तर `3g/2` ने निघतं, मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षाही वेगाने! मात्र दांडी जरा कलली की हे उत्तर लागू नाही.