पावसाळी करड्या आकाशाच्या जागी संध्याकाळचं आकाश बसवायचंय, सल्ला हवा

गोरेगावची_ओवी
आई-बाबांच्या लग्नाला ऑगस्टमध्ये ४० वर्षं होतायत. जुलैत ते चिपळूणहून आले होते, तेव्हा वांद्र्याच्या किल्ल्यावर दोघांचा फार सुंदर फोटो मिळाला. मागे सी लिंक आहे, बाबांनी पांढरा शर्ट घातलाय आणि आईने चिंतामणी रंगाची साडी. पण आकाश अगदी राखेसारखं, एकसारखं करडं आहे. तिथे सूर्यास्ताचं आकाश घालून १२ बाय १८ ची फ्रेम करायची आहे. दोनदा करून पाहिलं. आकाश छान दिसतं, पण आई-बाबा कात्रीने कापून चिकटवल्यासारखे वाटतात. सी लिंकच्या तारा तर अर्ध्या गायब झाल्या. फोटो मोबाईलवर काढलेला आहे. माझ्याकडे जुना लॅपटॉप आणि गिम्प आहे. प्रिंट आणि फ्रेम सोडून खर्च शून्य. काय चुकतंय?

सावंत_डोंबिवली
ताई, सरळ फोटोशॉप घ्या. `Edit > Sky Replacement` मध्ये आकाश निवडायचं की झालं. पुढच्या भागाचा रंगही तेच जुळवून देतं. लॅपटॉप जुना असेल तर आधी तो बदला. मी गेल्या दिवाळीत साठ हजारांचा घेतला, त्यात १६ जीबी रॅम आहे, एकदाही अडकला नाही.

ओवी
दादा, खर्च शून्य म्हटलंय हो.

माहीमचा_नाना
तुमची चूक मला कळली. सूर्यास्तात पुढची माणसं काळी दिसतात. तुम्ही ती उजळ ठेवली असणार. `Curves` घेऊन माणसं चांगली गडद करा, नुसती आकृती दिसली पाहिजे. मी नातवाचा असाच केला, सगळ्यांनी विचारलं कुठल्या कॅमेऱ्याने काढला म्हणून.

ओवी
नाना, चेहरेच दिसले नाहीत तर फ्रेम कशाला करायची?

शमा_परळ
आमचा अनुभव सांगते. चुलतबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका स्टुडिओने गेटवेच्या मागच्या समुद्रात भलामोठा तांबडा सूर्य मावळताना घातला होता. गेटवेपुढचा समुद्र पूर्वेला. तिथे सूर्य उगवतो. मंडपातल्या प्रत्येक मुंबईकराने पहिली तीच चूक दाखवली. काकांनी पैसे आधीच दिले होते, अल्बम बदलून मिळाला नाही. बहीण आजही तो उघडत नाही.

अंधारखोली
शमाताईंनी खरा मुद्दा काढला, ओवीचं उत्तर त्यातच आहे. मी वीस वर्षं प्रिंटिंग आणि रिटचिंगचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओवी, किल्ल्यावरून सी लिंक घेतलीस म्हणजे तुझा कॅमेरा साधारण दक्षिणेकडे बघतोय. पश्चिम तुझ्या उजव्या हाताला. त्यातून जुलैत सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, वीस-बावीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजे तो तुझ्या उजव्या खांद्याच्याही थोडा मागे. डिसेंबरात दक्षिणेकडे सरकतो, तरी मोबाईलच्या साध्या लेन्सने घेतलेल्या या चौकटीत येत नाही. तू डाउनलोड केलेल्या आकाशात सूर्याचा गोळा आहे ना? असेल तर बाकी कितीही मेहनत घे, फोटो खोटाच दिसणार.

नानांचं म्हणणं सूर्य माणसांच्या मागे असतो तेव्हा बरोबर आहे. इथे तो मागे नाही. इथे उजेड चेहऱ्यांवर उजवीकडून, थोडा समोरून पडेल. माणसं काळी करायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट सावल्यांची. ढगाळ उजेड चारी बाजूंनी येतो, त्यामुळे तुझ्या फोटोत हनुवटीखाली किंवा पायांशी ठळक सावली नसणार. सूर्य वर असलेलं आकाश घेतलंस तर लांब सावल्या हव्यात, आणि त्या रंगवून कधी नीट येत नाहीत. म्हणून सूर्य बुडाल्यानंतरचं आकाश घे. तेव्हाचा उजेड मऊच असतो, तो तुझ्या फोटोशी आपोआप जुळतो.

माहीमचा_नाना
अंधारखोली, मी रोज बँडस्टँडला फिरायला जातो. सूर्य समोर समुद्रातच मावळतो. डोळ्यांनी बघतो मी.

अंधारखोली
बरोबर आहे नाना. पण तेव्हा तुम्ही समुद्राकडे, पश्चिमेला तोंड करून बघता. सी लिंककडे बघायला डावीकडे वळावं लागतं.

माहीमचा_नाना
किल्ल्याच्या टोकावरून थोडी पश्चिमही येते. उद्या बघून सांगतो.

कोळीवाडा_किशोर
एवढ्या भानगडीपेक्षा परत जाऊन फोटो काढा. पावसात एखादी संध्याकाळ उघडते, तेव्हा धुतल्या हवेत जे रंग दिसतात ते उन्हाळ्यात दिसत नाहीत.

ओवी
आई-बाबा चिपळूणला परत गेले हो. आईचे गुडघे दुखतात, पुन्हा एवढा प्रवास नको.
अंधारखोली काका, हो, आकाशात गोळा आहे! मग योग्य आकाश कुठून आणू? आणि तारांचं काय करू?

अंधारखोली
आकाश तूच काढ. गच्चीवरून दक्षिणेकडे तोंड करून, त्याच मोबाईलने, झूम न करता. सध्या सूर्य सव्वासातच्या पुढेमागे मावळतो. साडेसातपर्यंत दर दोन मिनिटांनी एक फोटो घे. क्षितिजाजवळ उजवीकडे रंग जास्त आणि डावीकडे कमी, असं आकाश मिळेल. तेच तुला हवंय. त्याच मोबाईलचं असल्यामुळे दाणाही जुळेल, नाहीतर माणसं दाणेदार आणि आकाश गुळगुळीत असं होतं.

तारांसाठी कापाकापी करू नकोस. मूळ लेयरची कॉपी कर, `Levels` उघड आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकव, आकाश पूर्ण पांढरं होईपर्यंत. तुझं करडं आकाश २०५ च्या आसपास असेल तर त्रिकोण २०० जवळ येईल. या कॉपीला मास्क लावून ती फक्त आकाशाच्या भागात ठेव. क्षितिजाशी मास्क मऊ सोड. मग त्यावर नवं आकाश ठेवून लेयरचा मोड `Multiply` कर. पांढऱ्यावर नवं आकाश जसंच्या तसं उतरतं आणि गडद तारा गडदच राहतात. आईच्या केसांनाही हेच लागू, काळ्या केसांच्या भोवती पांढरी कड राहत नाही. फक्त पुलाचे मनोरे, बाबांचा शर्ट आणि चेहरे नव्या आकाशाच्या मास्कमध्ये काळ्या ब्रशने वाचव, नाहीतर तेही आकाशाच्या रंगात बुडतील.

सावंत_डोंबिवली
यापेक्षा फोटोशॉपमध्ये दोन मिनिटं लागतात.

प्राची_बोरिवली
मी मोबाईलवर स्नॅपसीडच्या `Double Exposure` ने करते, फुकट आहे. ओवी, तेही बघ. चेहऱ्यांवर थोडं आकाश चढतं, पण स्टेटसला चालून जातं.

शमा_परळ
प्राची, तिला १२ बाय १८ ची प्रिंट काढायची आहे, स्टेटस नाही. आणि आकाशासाठी काकांनी सांगितलेली दिशा सांभाळ गं ओवी, गेटवेसारखं करू नकोस.

ओवी
काल तीन संध्याकाळींनंतर आकाश मिळालं! सात वाजून सव्वीस मिनिटांचं, खाली गुलाबी आणि वर जांभळट करडं. `Multiply` ने तारा अख्ख्या राहिल्या, मला खरंच वाटेना. पण आई-बाबा अजून वेगळे दिसतात. बाबांचा शर्ट ट्यूबलाइटखाली असल्यासारखा वाटतो.

अंधारखोली
शर्टावरच तपास. कलर पिकरने शर्टाचा उजळ भाग बघ. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील, २२५ च्या आसपास. गुलाबी आकाशाखाली पांढरा शर्ट असा राहत नाही. माणसं आणि दगड यांच्या लेयरवर `Curves` घे. आधी मधला भाग खाली ओढ, १२८ चा साधारण ११० वर. मग फक्त निळा चॅनेल निवडून वरचं टोक २२५ पर्यंत उतरव आणि खालचं टोक १० पर्यंत उचल. उजेड उबदार होतो, पण सावल्या निळसर राहतात, आणि संध्याकाळ तिथे ओळखू येते. सगळंच नारिंगी केलंस तर जुन्या पिवळ्या पडलेल्या फोटोसारखं दिसेल. पुन्हा शर्ट तपास. त्याचा सर्वांत उजळ ठिपका आकाशातल्या उजळ पट्ट्याहून उजळ नको.

एवढं केलं तरी उजेड सगळीकडे सारखाच राहतो. म्हणून याच `Curves` ची दुसरी, जरा अधिक उबदार आवृत्ती कर आणि ती मास्कने चेहऱ्यांच्या आणि खांद्यांच्या उजव्या बाजूलाच मऊ ब्रशने आण.

आणि समुद्र विसरू नकोस. तो अजून मूळ आकाशाचा करडा आहे. क्षितिजालगतचा गुलाबी रंग पिकरने उचल, नवा लेयर त्याने भर, मोड `LCh Color`, अपारदर्शकता तीसेक टक्के, आणि तो समुद्र व ओल्या दगडांवरच ठेव. तारा नसलेल्या भागात दूरच्या इमारतींवरही हाच रंग अगदी हलका घे. पावसाळ्यात त्या धूसर असतात, आणि धुरकटपणाला क्षितिजाचाच रंग येतो. ओल्या दगडावरची पांढरी चमक राहिली तर तीच आधी डोळ्यात खुपते.

माहीमचा_नाना
आज किल्ल्यावर जाऊन आलो. सी लिंक समोर धरली तर सूर्य उजवीकडे मागे जातो. अंधारखोलींचं बरोबर होतं. ओवी, माणसं काळी करू नकोस.

ओवी
धन्यवाद नाना, मुद्दाम जाऊन बघितलंत!
समुद्र आणि दगड केल्यावर फोटो एकदम बसला. पण एक अडचण आहे. निळा चॅनेल उतरवल्यावर आईची चिंतामणी साडी मातकट झाली. आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला तर म्हणाली, "ही माझी साडी नाही." बाबांनी तिला ती पंचविसाव्या वाढदिवसाला घेतली होती.

अंधारखोली
ते नैसर्गिक आहे गं. उबदार उजेडात निळा मंदावतोच, प्रत्यक्षातही मंदावला असता. साडी मास्कने वेगळी काढलीस तर तीच कापून चिकटवल्यासारखी दिसेल. माझं ऐक, आहे तशी ठेव.

शमा_परळ
अनुमोदन. साडी वाचवायला जाशील तर बाकी मेहनत फुकट.

प्राची_बोरिवली
मी पण हेच म्हणते, नको हात लावू.

ओवी
सगळ्यांचं ऐकलं आणि तरी साडी वाचवली. `Curves` च्या मास्कमध्ये साडीवर करडा ब्रश फिरवला, म्हणजे बदल निम्माच लागतो. उजव्या बाजूच्या काठावर मात्र उबदार उजेड पूर्ण ठेवला. आईला साडी ओळखू आली.
मालाडच्या लॅबमध्ये आधी ४ बाय ६ ची चाचणी प्रिंट काढली. ती स्क्रीनपेक्षा गडद आली, बाबांचा चेहरा बुडाला. मधला भाग ११० वरून ११८ वर आणला, दुसरी प्रिंट नीट आली. मोठी प्रिंट शनिवारी मिळेल, मॅट कागदावर.

अंधारखोली
निम्मा बदल ही युक्ती बरी केलीस. मोठ्या प्रिंटमध्ये साडीची डावी कड नीट बघ, तिथे मला अजून शंका आहे. मनोऱ्याशेजारच्या तारांना गुलाबी झाक राहिली असेल तर तीही तिथेच दिसेल.

ओवी
काका, कड पाहिली. पदराजवळ बोटभर भाग किंचित निळा उठतोय. हातभर लांबून दिसत नाही, म्हणून तसाच ठेवला.